बाबांचा दादा होऊ नये म्हणून

इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठातल्या हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनल्ड यांनी १९७६ साली ‘नेचर’मध्ये एक छोटासा शोधनिबंध छापला. त्यातला प्रयोग असा होता : पडद्यावर एक बाई ‘गा-गा’ म्हणताना दिसते, पण चित्रावर चढवलेला आवाज ‘बा-बा’चा आहे. डोळे मिटून ऐकलं तर ‘बा-बा’ अगदी स्वच्छ ऐकू येतं. डोळे उघडून बघत ऐकलं की बहुतेक मोठ्या माणसांना ‘दा-दा’ ऐकू येतं. प्रयोगातल्या लोकांसाठी ही निरर्थक अक्षरं होती. मराठी घरात मात्र एवढ्याने नातं बदलतं.

असं का होतं हे समजायला फार खोलात जावं लागत नाही. ‘ब’ म्हणायला ओठ मिटावेच लागतात. ओठ मिटलेले दिसले नाहीत, की मेंदू कानाची साक्ष बाजूला ठेवतो आणि आवाजाशी जुळेल असं दुसरं काहीतरी, तोंडाच्या आत उच्चारलेलं, ऐकतो. त्रिमितीय ॲनिमेशनमध्ये पात्रांना बोलायला लावणाऱ्या लोकांचा सगळा धंदा या एका गोष्टीभोवती फिरतो. तोंड उघडणं सोपं आहे. वेळेवर मिटणं अवघड आहे.

लहान मुलांसाठी मराठी गोष्टी करणाऱ्या पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओत मी हे काम जवळून पाहिलं. तिथली रिगर, म्हणजे पात्राच्या आतली यंत्रणा बांधणारी मुलगी, मूळची सांगलीची. तिच्या स्क्रीनवर एका सात-आठ वर्षांच्या मुलीचा चेहरा होता आणि त्या मुलीला एक वाक्य बोलायचं होतं : “बाबा, आंब्याची पेटी वर ठेवू?” या लेखात आपण या एका वाक्याच्या मागे जाणार आहोत.

आधी चेहरा. संगणकातला चेहरा म्हणजे काही हजार बिंदूंची जाळी. शांत, काहीही न बोलणारा चेहरा हा पाया. त्याची एक प्रत काढायची आणि त्या प्रतीतले बिंदू हलवून, मातीकाम करावं तसा, हवा तो आकार घडवायचा : एका प्रतीत जबडा उघडा, एकीत ओठांचा चंबू, एकीत ओठ घट्ट मिटलेले. प्रत्येक बिंदू मूळ जागेपासून किती सरकला तेवढा फरक संगणक लक्षात ठेवतो. या साठवलेल्या फरकाला ब्लेंड शेप म्हणतात; ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये त्याचं नाव शेप की, तर गेमवाल्यांच्या बोलीत मॉर्फ टार्गेट. प्रत्येक शेपला ० ते १ असं वजन देता येतं. शून्याला काहीच होत नाही, एकाला पूर्ण आकार येतो, मध्ये कुठेही थांबता येतं. सगळ्या शेपचे फरक आपापल्या वजनाने गुणून पायाच्या चेहऱ्यात मिळवायचे, एवढंच गणित :

```
v = b + w1*(s1 - b) + w2*(s2 - b) + ...
```

इथे v म्हणजे बिंदूची नवी जागा, b म्हणजे शांत चेहऱ्यातली बिंदूची जागा, s म्हणजे घडवलेल्या चेहऱ्यातली आणि w म्हणजे वजन. एकच कडक अट आहे. सगळ्या प्रतींमध्ये बिंदू तेवढेच आणि त्याच क्रमाने असले पाहिजेत. कोणी प्रतीत एखादा बिंदू वाढवला आणि क्रम बिघडला, तर शेप लावताक्षणी चेहरा चुरगळलेल्या कागदासारखा होतो. हा दोष निदान लगेच दिसतो. खरे त्रासदायक दोष तितक्या सहज दिसत नाहीत.

ही कल्पना जुनी आहे. फ्रेडरिक पार्क यांनी युटा विद्यापीठात १९७२ साली मोजमाप घेतलेल्या चेहऱ्यांच्या दोन भावांमध्ये मधल्या अवस्था संगणकाकडून काढून घेतल्या होत्या. १९८५ साली माँट्रियलमध्ये चार जणांनी ‘टोनी द पेल्ट्री’ नावाचा छोटा चित्रपट केला. त्यातला म्हातारा पियानोवादक चेहऱ्यावरच्या भावांमुळे गाजला. त्या चौघांपैकी डॅनियल लांग्ल्वा यांनी पुढच्याच वर्षी सॉफ्टइमेज ही कंपनी काढली. तेव्हापासून आजतागायत पायाचं गणित तेच राहिलं आहे. वाढली ती शेपची संख्या आणि ती घडवण्यातली नजाकत.

आता आवाज. भाषेतल्या ध्वनीच्या एककाला फोनीम म्हणतात. ओठ वाचणाऱ्यांच्या चुका अभ्यासताना क्लेटस फिशर यांनी १९६८ साली दिसणाऱ्या एककासाठी व्हिजीम हा शब्द काढला. प, ब, म हे कानाला तीन वेगळे ध्वनी आहेत, पण समोरून पाहिलं तर तिन्हींचं तोंड एकच. म्हणून फोनीम पुष्कळ आणि व्हिजीम थोडे. किती थोडे, ते कोण कशासाठी काम करतंय यावर अवलंबून असतं. हॅना-बार्बेरा स्टुडिओने ‘द फ्लिंटस्टोन्स’सारख्या मालिकांसाठी तोंडाचे सहा आकार पक्के केले होते आणि त्या सहांवर पात्रं वर्षानुवर्षं बोलली. ऱ्हुबार्ब नावाचं आजचं एक मोफत साधन त्याच सहांना आणखी तीन जोडून वापरतं. ऑक्युलसच्या संचात पंधरा आहेत : `sil`, `PP`, `FF`, `TH`, `DD`, `kk`, `CH`, `SS`, `nn`, `RR`, `aa`, `E`, `ih`, `oh`, `ou`. पुण्याच्या स्टुडिओत हाच संच घेतला होता.

ही नावं पाहिली की कळतं, हा संच इंग्रजी बोलणाऱ्या तोंडावरून काढलेला आहे. आणि इथूनच मराठी कामाची खरी गंमत, किंवा डोकेदुखी, सुरू होते.

सुरुवातीला कोणीतरी संवाद रोमन लिपीत लिहून साधनाला दिले. लगेच दोन गोष्टी घडल्या. ‘थांब’ म्हणताना मुलीची जीभ दातांच्या फटीतून बाहेर डोकावली, कारण `th` ही अक्षरं दिसताच साधनाने `TH` हा व्हिजीम लावला. आपल्या ‘थ’ला जीभ वरच्या दातांच्या मागे टेकते, बाहेर येत नाही, तिला `DD` हवा. आणि ‘फिर’ म्हणताना `ph` पाहून खालचा ओठ दाताखाली गेला. रिगर मुलगी म्हणाली, “ते काढून टाकलं आणि देवनागरीवरून तक्ता केला. वाटलं, आपली लिपी उच्चाराप्रमाणे आहे, आता प्रश्नच नाही.”

प्रश्न होताच. आपण लिहितो तसं बोलतो, हा समज ओठांपाशी येऊन तुटतो. ‘घर’च्या शेवटचा ‘अ’ आपण लिहितो, म्हणत नाही. तक्त्याने मात्र तिथे तोंड उघडून ठेवलं आणि अशा प्रत्येक शब्दाच्या शेवटी मुलगी ‘आ’ वासून उभी राहू लागली. त्याहून वाईट अनुस्वार. ‘अंक’ आणि ‘अंत’मध्ये अनुस्वार तोंडाच्या आत होतो, ओठ उघडेच राहतात. ‘आंबा’मध्ये मात्र तेच टिंब ‘म’ असतं आणि ओठ मिटतात. ‘संवाद’मध्ये ओठ मिटत नाहीत, नुसते गोल होत जवळ येतात. म्हणजे एका टिंबाला तीन वेगळी तोंडं, आणि त्यातलं कुठलं ते पुढच्या अक्षरावरून ठरवायचं. हा नियम लिहिता येतो आणि तिने लिहिला. ‘च’चाही तसाच : ‘चार’मधला आणि ‘चारा’मधला ‘च’ वेगळा. पण त्या दोघांतही इंग्रजी `CH`सारखे ओठ पुढे येत नाहीत, म्हणून तिने त्या शेपचं वजन निम्म्यावर आणलं आणि विषय संपवला. ट, ठ, ड, ण, ळ यांचं काय, असं मी विचारलं. “ते तर आतल्या आत होतात. जिभेचं टोक वर गेलं तरी समोरून काय दिसणार? ओठ शेजारच्या स्वराचे.” माझ्या मते तिच्या तक्त्यातली ही सगळ्यात शहाणपणाची ओळ आहे. नवशिके प्रत्येक अक्षराला तोंड देतात आणि पात्र अक्षरं चावत बोलू लागतं.

संवाद कळला, आता तो ध्वनिमुद्रणात नेमका कुठे आहे हे शोधायचं. स्टुडिओने पहिल्यांदा ऱ्हुबार्ब वापरून पाहिलं. त्याचा नेहमीचा ओळखणारा भाग इंग्रजी शब्दांवर चालतो, पण भाषेशी संबंध नसलेला, नुसत्या ध्वनीवर चालणारा दुसरा पर्याय त्यात आहे :

```
rhubarb -r phonetic -f json -o baba.json baba.wav
```

यातून प्रत्येक आकाराची सुरुवात आणि शेवट सेकंदांत मिळतो. दुय्यम पात्रं, दूरचे शॉट यांसाठी हे पुरतं. जवळच्या शॉटसाठी मात्र तिने प्राट उघडलं. ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या पाउल बुर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी भाषाशास्त्रज्ञांसाठी केलेलं हे मोफत सॉफ्टवेअर आवाजाची लाट आणि तिच्याखाली वर्णपट दाखवतं. तिथे ध्वनींच्या सीमा हाताने आखता येतात.

प्राटमध्ये ‘बाबा’ पाहणं हा एक धडाच आहे. ‘आ’ म्हणजे उंच, दाट लाट. दोन ‘आ’ंच्या मधल्या ‘ब’मध्ये लाट एकदम बुटकी होते : ओठ मिटलेले आहेत आणि आत कंठाची बारीक घरघर चालू आहे. मग ओठ सुटतात आणि पुन्हा उंच लाट. ‘पेटी’तल्या ‘प’च्या आधी तर घरघरही नसते, पूर्ण शांतता असते. म्हणजे ओठ मिटलेले असण्याचा काळ हा आवाजाच्या आधीचा काळ आहे. ज्या क्षणी ‘प’ ऐकू येतो, त्या क्षणी ओठ सुटलेले असतात. नवखा ॲनिमेटर ऐकू आलेल्या ‘प’वर ओठ मिटवतो आणि नेमका उशीर करतो.

आवाज मोठा झाला की तोंड जास्त उघडायचं, एवढ्या साध्या नियमावर चालणाऱ्या स्वस्त पद्धती इथेच गळपटतात. ‘मामा’तला ‘म’ चांगला ठसठशीत ऐकू येतो, लाटही बऱ्यापैकी उंच असते. ती पद्धत तिथे तोंड उघडते आणि मामा ओठ न मिटवता ‘मामा’ म्हणतात.

आता आपल्या वाक्याच्या ‘बाबा’मधला दुसरा ‘ब’ घेऊ. मुद्रणात त्याची मिटलेली अवस्था ०.६२ सेकंदाला सुरू होऊन ०.६९ला संपत होती. चित्र सेकंदाला २४ फ्रेमचं. पहिली फ्रेम शून्य धरली तर १५वी फ्रेम ०.६२५ला आणि १६वी ०.६६७ला येते. म्हणजे बरोबर दोन फ्रेम ओठमिटीत पडतात. ओठ मिटलेले दिसायला हवेत ते याच दोन फ्रेममध्ये.

बहुतेक तयार साधनं काय करतात, तर प्रत्येक ध्वनीच्या मध्यावर त्या व्हिजीमला पूर्ण वजन देतात आणि शेजारच्या ध्वनीच्या मध्यापर्यंत ते हळूहळू शून्यावर नेतात. या ‘ब’चा मध्य ०.६५५. आधीच्या ‘आ’चा ०.५५, नंतरच्या लांब ‘आ’चा ०.८०५. हिशेब केला तर १५व्या फ्रेममध्ये ओठमिटीचं वजन ७१ टक्के येतं, १६व्यात ९२ टक्के. उरलेलं वजन ‘आ’चं. म्हणजे पूर्ण मिटलेले ओठ एकाही फ्रेममध्ये नाहीत. टाइमलाइनवर आलेख पाहिला तर शिखर दिमाखात एकाला टेकलेलं दिसतं, पण ते दोन फ्रेमच्या मध्ये आहे आणि पडद्यावर येतच नाही. त्यावर कोणी हालचाल मऊ करायला तीन फ्रेमची सरासरी फिरवली, तर कमाल वजन ७६ टक्क्यांवर घसरतं. ओठांमध्ये कायमची एक फट राहते. बघणाऱ्याला ती फट वेगळी दिसत नाही. त्याला फक्त वाटत राहतं की हे पात्र काहीतरी पुटपुटतंय. मॅकगर्कच्या बाईसारखा बाबांचा दादा व्हायला एवढं पुरतं.

उपाय असा की ओठ मिटणाऱ्या ध्वनींना सरासरीच्या कारभारातून बाहेर काढायचं. मिटलेल्या काळात पडणाऱ्या प्रत्येक फ्रेमवर वजन पूर्ण एक. काळ इतका छोटा असेल की त्यात एकही फ्रेम पडत नाही, तर जवळची एक फ्रेम शेजारच्या स्वराकडून चक्क हिसकावून घ्यायची. ब्लेंडरमध्ये तिची स्क्रिप्ट एवढीच :

```python
import bpy
kb = bpy.context.object.data.shape_keys.key_blocks["PP"]
for f, w in [(13, 0), (15, 1), (16, 1), (18, 0)]:
    kb.value = w
    kb.keyframe_insert("value", frame=f)
```

‘आ’च्या वजनाला याच फ्रेमवर उलट्या की. ‘आंब्या’तले ‘म’ आणि ‘ब’ या एकामागोमाग दोन ओठमिटी आहेत, पण त्यांच्या मध्ये ओठ सुटत नाहीत. तिथे दोन शिखरं ठेवली तर ओठ मध्येच फडफडतात. म्हणून एकच लांब मिट, ‘म’च्या सुरुवातीपासून ‘ब’ सुटेपर्यंत. चार अक्षरं ओठांची, पण ‘बाबा, आंब्या’मध्ये मिटी तीनच.

हे सगळं करूनही पहिला नमुना विचित्र दिसत होता. ओठ वेळेवर मिटत होते, पण मुलगी लाकडी बाहुलीसारखी जबडा आपटत बोलत होती. कारण `PP`चा शेप शांत, मिटलेल्या चेहऱ्यावर घडवलेला होता. ‘आ’वरून त्याच्याकडे जाताना जबडाही पूर्ण मिटत होता. आरशासमोर उभं राहून ‘बाबा’ म्हणून पाहा, हनुवटीवर बोट ठेवून. ओठ पूर्ण मिटतात, जबडा मात्र थोडासाच वर येतो आणि पुन्हा खाली जातो. शांतपणे बोलताना तर तो फार हलतच नाही.

टोरंटो विद्यापीठातल्या चौघांनी २०१६ साली जाली नावाची पद्धत मांडली, ती याच निरीक्षणावर उभी आहे : जबडा आणि ओठ ही दोन स्वतंत्र माणसं आहेत असं समजून चालायचं. कोण किती हलतो यावरून बोलण्याची तऱ्हा ठरते. पुटपुटणाऱ्याचे दोन्ही कमी, ओरडणाऱ्याचे दोन्ही जास्त, बोलक्या बाहुल्यांच्या कलाकाराचा तर जबडा जवळजवळ स्थिर. पुढे ‘सायबरपंक २०७७’ या गेममध्ये वेगवेगळ्या भाषांतल्या संवादांसाठी ही पद्धत वापरली गेली.

पुण्यात मग `PP` मोडून दोन शेप केले गेले : एक फक्त जबड्याचा, एक फक्त ओठांचा. पण इथे मघाचं बेरजेचं गणित अंगावर येतं. जबडा ०.३ उघडा आणि ओठ पूर्ण मिटलेले, या दोन्ही फरकांची नुसती बेरीज केली की ओठ एकमेकांत घुसतात किंवा पुरते पोहोचतच नाहीत, कारण ओठांचा शेप मिटलेल्या जबड्यावर घडवला होता. म्हणून तिसरा, दुरुस्तीचा शेप लागतो. जबडा उघडा आणि ओठ मिटलेले असा चेहरा हाताने नीट घडवायचा, त्यातून पाया आणि आधीच्या दोन्ही शेपचे फरक वजा करायचे. जे उरतं ती दुरुस्ती. तिचं वजन म्हणजे त्या दोन वजनांचा गुणाकार, म्हणजे दोन्ही एकत्र असतील तेव्हाच ती जागी होते. ॲपलच्या एआरकिटमधल्या `mouthClose`चं कामही हेच, जबडा कुठेही असो, ओठ मिटवायचे. त्याला एकट्याला वजन दिलं की ओठ एकमेकांतून आरपार जातात आणि नवखे लोक फाइल बिघडली म्हणून डोकं धरून बसतात. ते `jawOpen`च्या जोडीनेच वापरायचं असतं.

दुसरी दुरुस्ती हसण्याची. मुलगी खुशीत असेल तर संवादभर चेहऱ्यावर हसू असतं, ते ओठ बाजूला ताणतं आणि मिटलेल्या ओठांत फट पाडतं. म्हणून हसू आणि ओठमिट यांचाही एक शेप. तिथून पुढे अशा जोड्या वाढतच जातात. कुठे थांबायचं ते बजेट ठरवतं.

वाक्याचा शेवट ‘वर ठेवू?’ हा मला वाटला होता त्यापेक्षा रंगतदार निघाला. ‘वर’मधल्या ‘व’ला साधनाने `FF` दिला होता, वरचे दात खालच्या ओठावर. इंग्रजी व्हीला ते बरोबर आहे. आपल्या ‘व’ला ओठ दातांजवळ येतो, घासत नाही. तिने `FF`चं वजन ०.४ केलं. ‘ठेवू’मधल्या ‘व’ला मात्र तेही नको. त्याच्या पुढचा ‘ऊ’ ओठांचा चंबू इतक्या लवकर सुरू करतो की ‘व’ त्यात बुडून जातो. ओठ गोल करायला वेळ लागतो, म्हणून बोलणारा तयारी आधीच करतो. ‘ठे’चा स्वर संपायच्या आत कोपरे आत यायला लागलेले असतात. तिने `ou`ची सुरुवात ‘ऊ’च्या आधी तीन फ्रेम ओढली, ‘व’ तक्त्यातून खोडला, आणि वाक्य एकदम माणसाचं वाटू लागलं.

मग तपासणी. आवाज बंद करून बघायचं आणि ओठांवरून वाक्य ओळखता येतंय का पाहायचं. त्यानंतर प, ब, म येणाऱ्या प्रत्येक फ्रेमवर थांबून ओठ टेकलेत का ते जवळ जाऊन बघायचं. हे कंटाळवाणं काम आहे आणि याला पर्याय नाही. शेवटी सगळी तोंडाची हालचाल एक फ्रेम अलीकडे सरकवायची. प्रसारणासाठीच्या आयटीयूच्या शिफारशीत नोंद आहे की आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला तरी लोकांच्या लक्षात येऊ लागतं, पण उशिरा आला तर सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत लक्षात येत नाही. दूरच्या माणसाचा आवाज आपल्याकडे नेहमी उशिरानेच पोहोचतो, त्याची आपल्याला सवय आहे. २४च्या गतीला एक फ्रेम म्हणजे ४२ मिलिसेकंद. चूक व्हायचीच असेल तर ती सुरक्षित बाजूला झालेली बरी.

मी निघायच्या बेतात होतो तेव्हा आजोबांच्या पात्राला आवाज देणारे, नाटकातून आलेले गृहस्थ दुसऱ्या भागाच्या मुद्रणासाठी आले. संवादात ‘फळं’ हा शब्द होता. “काका, तुम्ही फळं म्हणताना ओठ मिटवता का हो?” तिने विचारलं. काकांनी दोनदा म्हणून पाहिलं. “मिटवतो की. पण ती छोटी नाही मिटवत, ऐक तिचं.” खरंच, मुलीच्या मुद्रणात ‘फ’ दातांवरून आला होता, अलीकडे पुष्कळजण म्हणतात तसा. प्राटमध्ये दोन लाटा शेजारी ठेवल्या तर फरक डोळ्यांना दिसत होता : काकांच्या ‘फ’आधी छोटी शांतता आणि मग फुटलेला श्वास, मुलीच्या ‘फ’मध्ये सुरुवातीपासून सलग खरखर. रिगरने तक्त्यातल्या ‘फ’पुढचा `PP` पुसला आणि तिथे पात्राचं नाव लिहायची दोन रिकामी घरं केली.